रजा डिस्चार्जपासून धरा

«आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला, मी मुंबईत. आठवडाभरच रजा मिळतेय. कधीपासून टाकू?»

सगळी रजा हॉस्पिटलात घालवू नका. ऑपरेशनचा आणि दुसरा दिवस थांबा, मग भावाला किंवा मावशीला बसवा. तिथे नर्स असते, फिजिओवालेच वॉकर देऊन चालवतात. खरी ओढाताण घरी आल्यावर. रात्री दोनदा बाथरूमला उठवायचं, गुडघा वाकवायचा व्यायाम म्हटला की आई ‘उद्या बघू’ म्हणणार. उरलेले दिवस तेव्हाच लागतात. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. पोटरी सुजून दुखली तर डॉक्टरांना लगेच फोन, रक्ताच्या गाठीची शंका असते.

आणि फिटनेस मिळाल्याशिवाय तारीख पक्की धरू नका. साखर वाढलेली किंवा लघवीत इन्फेक्शन निघालं की ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि साहेबांकडे पुन्हा अर्ज!