मदत हवी आहे: डच कोको घातल्यावर केकला साबणासारखी चव का येते?

ओव्हनवाली
मंडळी, घरी नेहमीचा चॉकलेट केक करते, एका अमेरिकन रेसिपीवरून घेतलेला. सव्वा कप मैदा, अर्धा कप कोको, एक कप साखर, दोन अंडी, एक कप दूध, थोडं तेल आणि अर्धा टीस्पून खायचा सोडा, बेकिंग पावडर अजिबात नाही. इतके दिवस फिकट तपकिरी साधा कोको वापरायचे आणि केक छान फुलायचा. यावेळी दुकानात डच प्रोसेस्ड मिळाला, रंग मस्त गडद म्हणून तोच घेतला, बाकी सगळं तेच. तर केक आधी वर आला आणि मग मध्येच बसला, आणि खाताना जिभेवर साबणासारखं काहीतरी लागतं. सोडा जुना नाहीये, ओव्हनही बरोबर आहे. कोकोमुळे एवढा फरक पडतो का? मुलाच्या वाढदिवसाला हाच केक करायचाय, प्लीज सांगा.

सातारकर
डच कोकोला सोडा चालतच नाही. सोडा काढा, बेकिंग पावडर घाला, विषय संपला.

पीठमळणी
सातारकर, उत्तर जवळपास बरोबर आहे पण "चालतच नाही" नका म्हणू, सोड्याला फक्त आंबट काहीतरी लागतं. साधा कोको मुळात आंबट असतो, ओव्हनवालींच्या रेसिपीत तेवढंच आंबट आहे, कारण दूध, साखर, अंडी यात सोड्याला पुरेल असं काही नाही. डच कोकोवर कारखान्यातच पोटॅशियम कार्बोनेटसारख्या क्षाराची प्रक्रिया करून तो आंबटपणा मारलेला असतो. म्हणजे तुमच्या सोड्याला आता जोडीदारच उरला नाही. मग तो ओव्हनच्या उष्णतेने थोडाफार गॅस सोडतो, म्हणून केक आधी वर आला, पण एवढ्याने पुरत नाही. आणि मागे जे उरतं तो चक्क धुण्याचा सोडा, साबणाची चव तीच.

तुमच्या मापाला डच कोको ठेवायचा असेल तर सोडा पूर्ण काढा आणि दीड टीस्पून बेकिंग पावडर घाला, म्हणजे सोड्याच्या तिप्पट. तिच्यात स्वतःचं आंबट असतंच त्यामुळे कोको कुठला याने तिला फरक पडत नाही. नाहीतर दुधाऐवजी एक कप आंबटसर दही फेटून पातळ करून घाला आणि अर्धा टीस्पून सोडा तसाच राहू दे. हा केक मला जास्त आवडतो, जाळी नरम येते.

गोडघाशी
मी कोकोची बर्फी करते त्यात डच कोकोच छान लागतो, कडवट होत नाही. पण रंग एवढा गडद असूनही चॉकलेटची चव कमी वाटते, असं का?

पीठमळणी
बर्फीत फुलवायचं काहीच नाही, तिथे कुठलाही घाला. गडद रंग म्हणजे जास्त चॉकलेट असं नसतं. क्षाराने रंग गडद होतो आणि साध्या कोकोची ती आंबट, फळासारखी धार जाते, चव गोल आणि सौम्य होते. फारच जास्त प्रक्रिया केली की कोको जवळपास काळा होतो, काळ्या क्रीम बिस्किटात असतो तसा, आणि चॉकलेट मागे पडतं. उलट साधा कोको आणि थोडा जास्त सोडा घेतलात तर पिठातच तोही गडद होतो, पण सोडा उरला की परत साबण.

सातारकर
ठीक आहे, दह्याचं माहीत नव्हतं. पण पाकिटावर डच लिहिलेलंच नसेल तर कसं ओळखायचं? उकळत्या पाण्यात कोको ढवळून सोडा टाकायचा, फेस आला की साधा, बरोबर?

पीठमळणी
उकळत्या पाण्यात नको, त्यात नुसत्या सोड्यालाही बुडबुडे येतात. कोमट पाणी घ्या, साध्या कोकोला बारीक फेस येतो आणि रंग डोळ्यांदेखत गडद होतो, डचला फारसं काही होत नाही. त्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा, अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ५०१ किंवा ५०० दिसलं तर तो प्रक्रिया केलेला, नुसतं डबीवर "प्युअर" लिहिलंय यावर जाऊ नका.

ओव्हनवाली
पाहिलं, बारीक अक्षरात ५०१ आहे! वाढदिवसाला दह्याचा करून बघते. पण दह्याने तो गडद रंग जाणार का हो? मुलाला काळाकुट्ट केकच हवाय.

पीठमळणी
थोडा लालसर होईल, आंबटाने कोकोचा रंग फिका पडतो. काळाच हवा असेल तर बेकिंग पावडरवाला करा.

गोडघाशी
मी तर दोन्ही कोको अर्धे अर्धे घालते, रंगही येतो चवही. मग सोडा किती घ्यायचा?

सातारकर
हेच मलाही विचारायचं होतं. कुणी मोजून केलंय का?