अनुभव धागा : तक्रार ‘निकाली’ निघाली, खड्डा मात्र जागेवरच

मीनाक्षी
आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याची तक्रार मी गेल्या पावसाळ्यात महापालिकेच्या मदत क्रमांकावर तीन वेळा नोंदवली आणि तिन्ही वेळा ती निकाली काढल्याचा संदेश आला. पहिल्या वेळी ‘कार्यवाही केली’ एवढाच शेरा होता. दुसऱ्या वेळी जोडलेल्या छायाचित्रात दुभाजक दिसत होता, जो आमच्या गल्लीत कधीच नव्हता. तिसऱ्या वेळी ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असे उत्तर मिळाले. कचरा, खड्डे किंवा पथदिवे यांची तक्रार काम न होताच बंद झाल्याचा अनुभव आपल्याला असेल, तर ती कोणत्या शेऱ्याने बंद झाली आणि पुढे काय केल्यावर काम झाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त कनिष्ठ अभियंता
मी दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून थोडे कटू लिहितो. फोन घेणारी व्यक्ती केवळ नोंद करते. खड्डा कोणाचा, हे तिला ठाऊक नसते. आमच्याकडे तक्रार आली की मुदतीचे घड्याळ सुरू होई, आणि चुकीच्या टेबलावर आलेली तक्रार योग्य टेबलावर पाठवण्यापेक्षा ‘संबंधित नाही’ लिहून बंद करणे सोपे असे. रस्ता दोषदायित्व कालावधीत असेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. तो कालावधी संपला असेल, तर ती विभाग कार्यालयाच्या देखभाल निधीतून होते. तिसरी शक्यता लोक विसरतात, ती म्हणजे केबल किंवा जलवाहिनीसाठी खोदलेला चर नीट भरलेला नसणे. खड्डा गोल न दिसता सरळ, अरुंद पट्ट्यासारखा खचलेला असेल, तर बहुधा तो चरच असतो. तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे खोदाईची परवानगी कोणी घेतली होती हे कार्यालयाला शोधावे लागते. भर पावसात खड्ड्यात नुसते मिश्रण टाकून दाबले, तर ते फार टिकत नाही. त्यामुळे ‘कार्यवाही केली’ हा शेरा कधी कधी त्या दिवसापुरता खराही असतो.

सुहास
पथदिव्याच्या बाबतीत मला खांबावर रंगवलेल्या क्रमांकाने वाचवले. ‘दवाखान्यासमोरचा दिवा’ असे लिहून केलेल्या दोन तक्रारी ‘जागा आढळली नाही’ म्हणून बंद झाल्या. खांब क्रमांक दिल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस शिडी घेऊन आला. मात्र ओळीने सहा दिवे बंद असताना मी एकाच खांबाचा क्रमांक दिला होता. त्याने तो दिवा बदलला, तरी तो लागला नाही, कारण दोष भूमिगत केबलमध्ये होता. सलग दिवे बंद असतील, तर पहिल्या आणि शेवटच्या खांबाचे क्रमांक द्यावेत.

वैशाली
आमच्या कोपऱ्यावर कचरा साचत असे आणि प्रत्येक तक्रारीला स्वच्छ जागेचे छायाचित्र येत असे. आम्ही ते खोटेच मानत होतो. अखेर मुकादमांना भेटल्यावर कळले की छायाचित्र सकाळी सातचे असते, आणि कचरा टाकला जातो तो घंटागाडी गेल्यानंतर, अकराच्या सुमारास. त्यानंतर आम्ही ‘कचरा उचलला नाही’ असे न लिहिता ‘रोज अकरानंतर कचरा टाकला जातो’ असे लिहिले, तेव्हा तक्रार स्वच्छता निरीक्षकांकडे गेली आणि दंडाची कारवाई सुरू झाली. त्यातच पडलेल्या राडारोड्याला मात्र घंटागाडी हात लावत नाही. त्याची तक्रार आम्हाला वेगळी करावी लागली.

प्रकाश
इतके सायास कशाला? माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करावा. ३० दिवसांत खड्डा बुजवणे त्यांना बंधनकारक होते.

निवृत्त कनिष्ठ अभियंता
प्रकाशराव, ३० दिवसांची मुदत माहिती देण्यासाठी आहे, खड्डा बुजवण्यासाठी नाही. तरीही अर्ज उपयोगी पडतो, पण ‘खड्डा का बुजवला नाही’ असे विचारू नये. कार्यादेशाची प्रत, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख आणि तक्रार बंद करताना केलेल्या स्थळपाहणीची नोंद मागावी. पाहणी झालीच नसेल, तर नोंद देता येत नाही, आणि तेच आपले उत्तर असते.

अरुणा
आमच्या सोसायटीच्या आवारातील दिवा चार महिने बंद आहे आणि विभाग कार्यालय दाद देत नाही. येथेही खांब क्रमांक द्यावा का?

सुहास
अरुणाताई, आवारातील खांब सोसायटीचा असेल, तर त्यावर महापालिकेचा क्रमांकच नसेल. आधी समितीला विचारून पाहा.

मीनाक्षी
अभियंता काकांनी सांगितल्याप्रमाणे मी अर्ज केला होता. उत्तर असे आले की दोषदायित्व कालावधी ऑगस्टअखेर संपला, आणि स्थळपाहणीची नोंद ‘उपलब्ध नाही’. माझी पहिली तक्रार मात्र जुलैची आहे. मग दुरुस्ती ठेकेदाराकडेच जाते ना?

निवृत्त कनिष्ठ अभियंता
कालावधी संपण्यापूर्वी कार्यालयाने ठेकेदाराला लेखी कळवले असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. तुमची तक्रार कार्यालयातच बंद झाली असेल, तर ठेकेदार म्हणेल की मला कोणी सांगितलेच नाही. जुलै-ऑगस्टमधील ठेकेदाराशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत मागा.

मीनाक्षी
दुसरा अर्ज सोमवारी देते. खड्ड्यात सध्या कोणीतरी पेव्हर ब्लॉक टाकले आहेत. ते कोणी टाकले, हे विभाग कार्यालयालाही ठाऊक नाही.