मदत हवी आहे: लॅपटॉपवर ताल जुळतो, फोनवर थाप आणि पान वेगळं पडतं (गोडॉट ४)

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. चार महिन्यांपासून गोडॉट ४ मध्ये एक छोटा ताल-गेम बनवतोय. माझी आत्या अमळनेरला असते. मागच्या श्रावणात तिची आणि गल्लीतल्या बायांची कानबाईची गाणी मी ढोलकीसकट रेकॉर्ड केली होती, त्यातलंच एक गाणं घेतलंय. वरून केळीचं पान खाली येतं, पान रेषेवर आलं की ढोलकीची थाप पडते आणि त्याच क्षणी बोट टेकवायचं.

लॅपटॉपवर सगळं छान जुळतं. माझ्या फोनवर मात्र पान आधी रेषेवर पोचतं आणि थाप मागून ऐकू येते. हा फरक पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत तेवढाच राहतो. चुलतभावाच्या जुन्या फोनवर आणखीच वेगळं होतं. सुरुवातीला तिथेही पान पुढे, मग मधे साधारण मिनिटभर चक्क बरोबर, आणि शेवटी पान मागे आणि थाप पुढे! ब्लूटूथ इअरफोन लावला तर खेळणंच होत नाही.

वेळेतून ०.१ सेकंद वजा करून पाहिला. माझा फोन सुधारला, पण लॅपटॉप बिघडला. सध्या कोड असा आहे:

```
func _process(delta):
    song_time += delta
```

यंदा कानबाईला आत्याच्या हातात हा गेम द्यायचाय. तिने माझ्या फोनवर चारच थापा वाजवल्या आणि फोन खाली ठेवला. म्हणाली, "ढोलकी मांगे पडी र्‍हायनी." तिचं बरोबरच होतं, म्हणून मला हे नीट करायचंय.

पाचोऱ्याचा साउंडवाला

भो, मी लग्नाच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करतो. दोन गोष्टी तपास. बायांच्या गाण्याला क्लिक ट्रॅक नसतो, गाणं रंगात आलं की लय चढतेच. तू पूर्ण गाण्याला एकच बीपीएम धरला असशील तर शेवटी पान मागे पडणारच. दुसरं, फाइल एमपीथ्री असेल तर सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते. ओग कर.

तापीकाठचा

दादा, फाइल पहिल्यापासून ओगच आहे. आणि बीपीएम मी धरलेलाच नाही. ऑडॅसिटीत लाट मोठी करून एकेका थापेवर हाताने खूण लावली, एकूण ४१२ थापा. लय चढते हे अगदी खरं, पण ती चढलेली लय खुणांमध्येही आलीय. शिवाय लॅपटॉपवर शेवटपर्यंत जुळतं.

चाळीसगाव_एक्सप्रेस

आमच्या घरीही हाच त्रास आहे. टीव्हीला साउंडबार जोडला तेव्हापासून बातम्यांमध्ये माणसाचे ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो. सेटिंगमध्ये कुठे करायचं कोणी सांगेल का?

लळिंगची_पोर

चाळीसगाव भाऊ, टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये लिप सिंक किंवा ऑडिओ डिले असं काहीतरी असतं, ते शून्यावर आणून बघा. आवाज उशिरा येत असेल तर आवाजाला आणखी उशीर लावून उपयोग नाही. तरीही जमलं नाही तर नवा धागा काढा, इथे गेमचंच चालू द्या.

तापीकाठचा, मी मूळची धुळ्याची, मोबाइल गेमवर काम करते. तुझे दोष दोन आहेत आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने ओढतायत. भावाच्या फोनवर मधे मिनिटभर जुळतं ते म्हणूनच. तिथे काही सुधारलेलं नसतं, एक चूक दुसरीला झाकत असते.

पहिला दोष आवाजाच्या उशिराचा. गेमने "वाजव" म्हटल्यापासून स्पीकरमधून थाप बाहेर पडेपर्यंत प्रत्येक यंत्र आपापला वेळ घेतं. तो वेळ गाणंभर जवळपास तेवढाच राहतो. तुझ्या फोनवर हाच एक दोष आहे.

दुसरा दोष घड्याळाचा. तू दर फ्रेमला डेल्टा मिळवत जातोस, म्हणजे पानांचं घड्याळ वेगळं आणि गाण्याचं वेगळं. फोन क्षणभर अडकला तरी गाणं वाजत राहतं, कारण आवाजाचा धागा स्वतंत्र चालतो. पण गोडॉट एका फ्रेममध्ये फिजिक्सची जास्तीत जास्त ८ पावलं टाकतं. सेकंदाला ६० पावलं धरली तर ते होतात १३३ मिलिसेकंद. फोन त्याहून जास्त अडकला तर वरचा वेळ डेल्टातही येत नाही, तो गेलाच. त्यामुळे प्रत्येक मोठ्या अडकण्यानंतर पानं कायमची मागे राहतात.

आधी हे तपासून बघ. भावाच्या फोनवर गाण्याची खरी जागा आणि तुझा `song_time` यांच्यातला फरक दर सेकंदाला छाप. फरक हळूहळू सरकतोय की एकदम उडी मारतोय, ते सांग.

तापीकाठचा

ताई, उडीच मारतोय! हे आकडे बघा, फरक सेकंदात आहे.

```
0:30  0.003
1:11  0.004
1:13  0.121
2:04  0.121
2:06  0.238
```

१:१२ ला ध्रुपद येतं आणि झेंडूच्या पाकळ्या पहिल्यांदा उधळतात. २:०५ ला दिव्यांची आरास पहिल्यांदा दिसते. दोन्ही वेळा फोन पाव सेकंद थबकतो. लॅपटॉपवर हे दिसत नाही. आजवर मी याला नुसता हँग समजत होतो, तालाशी त्याचा संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही.

लळिंगची_पोर

मग हिशोब जुळला. पाव सेकंद म्हणजे २५० मिलिसेकंद. त्यातले १३३ मोजले गेले, ११७ गेले. तुझ्या दोन्ही उड्या ११७ च्याच आहेत. भावाच्या फोनचा आवाज समजा ८५ मिलिसेकंद उशिरा येतो. म्हणजे १:१२ पर्यंत पान ८५ ने पुढे. तिथे ११७ गेले की पान ३२ ने मागे, आणि एवढा फरक पटकन जाणवत नाही, म्हणून तुला ते "बरोबर" वाटलं. २:०५ नंतर १४९ ने मागे, ते कोणालाही कळतं.

आता डेल्टा मिळवणं बंद कर आणि वेळ गाण्यालाच विचार.

```
var t = $Song.get_playback_position()
t += AudioServer.get_time_since_last_mix()
t -= latency + user_offset
song_time = max(song_time, t)
```

दुसरी ओळ वगळू नकोस. गाण्याची जागा तुकड्यातुकड्याने पुढे जाते, नुसती तीच घेतली तर पान थरथरत खाली येईल. शेवटच्या ओळीतला `max` पान मागे उडी मारू नये म्हणून आहे, पण गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस की `song_time` आधी खाली आण, नाहीतर पानं गोठतील. `latency` मध्ये `AudioServer.get_output_latency()` ची किंमत गाणं सुरू होताना एकदाच घे, दर फ्रेमला विचारणं महागात पडतं.

पाकळ्या आणि दिवे लोडिंगच्या पडद्यामागे एकदा दाखवून घे, म्हणजे शेडर तेव्हाच तयार होतील. नाहीतर ताल सुटणार नाही, पण पानं पाव सेकंद थांबून खाली उडी मारतील.

पाचोऱ्याचा साउंडवाला

एवढा खटाटोप कशाला? सेटिंगमध्ये एक स्लायडर दे, ज्याला जसं पाहिजे तसं लावून घेईल.

लळिंगची_पोर

दादा, स्लायडर लागणारच आहे, वरचा `user_offset` तोच. पण घड्याळ दुरुस्त केल्याशिवाय स्लायडर कुचकामी. भावाच्या फोनवर पहिल्या कडव्याला लावलेला आकडा तिसऱ्या कडव्याला खोटा ठरला असता.

तापीकाठचा

केलं! भावाच्या फोनवर आता सुरुवात आणि शेवट सारखाच आहे. पण माझ्या फोनवर `get_output_latency()` ०.०६२ सांगतो, आणि कानाला मात्र ०.१ च्या आसपास वजा केल्यावरच जुळतं. मधले ४० मिलिसेकंद कुठले?

लळिंगची_पोर

इंजिनाला स्वतःचा साठा माहीत असतो आणि खालून जेवढं कळवलं जातं तेवढं. फोन पुढे आवाजावर जे संस्कार करतो ते त्यात बहुतेक धरलेले नसतात. म्हणून तो आकडा सुरुवातीला धरायचा आणि उरलेलं माणसाकडून जुळवून घ्यायचं.

त्यासाठी एक पडदा कर. दर सेकंदाला एक थाप, माणसाने १६ वेळा टॅप करायचं. पहिले चार सोड, हात बसायला तेवढे लागतात. उरलेल्या बारांचे फरक चढत्या क्रमाने लाव आणि मधली किंमत घे. सरासरी नको, एखादी थाप हुकली की ती सगळा आकडा ओढून नेते. थापांमधलं अंतर सेकंदाहून कमी करू नकोस. ४०० मिलिसेकंदांवर थाप ठेवलीस आणि ब्लूटूथचा उशीर २५० असला, तर टॅप या थापेच्या २५० नंतर आहे की पुढच्या थापेच्या १५० आधी, हे कोडला ओळखता येणार नाही.

पाचोऱ्याचा साउंडवाला

इथे मात्र मी अडणार, ताई. थापेबरोबर टाळी देताना बहुतेक माणसं किंचित आधी देतात. मी मंचावर रोज बघतो. शिवाय बोट टेकल्यावर काचेलाही वेळ लागतो. तुमच्या आकड्यात आवाजाचा उशीर, काचेचा उशीर आणि माणसाची सवय तिन्ही मिसळली. तोच आकडा पानाला लावला तर पान चुकीच्या जागी दिसेल.

लळिंगची_पोर

हे बरोबर बोललात, मी अर्धंच सांगितलं होतं. आकडे दोन ठेवावे लागतील. टॅप बरोबर की चूक हे ठरवायला टॅपमधून आलेला आकडा, कारण तिथे तिन्ही गोष्टी हव्याच आहेत. पान कुठे दिसावं यासाठी वेगळा आकडा: बोट न लावता पान आणि थाप एकत्र येईपर्यंत स्लायडर सरकवायचा. दोन्ही पडदे दाखवले तर काही लोक कंटाळून गेम सोडतात हेही मी पाहिलंय. छोट्या गेमला एक पुरतो की नाही, यावर माझं मत अजून पक्कं नाही.

तापीकाठचा

दोन्ही करून पाहिले. काल रात्री अमळनेरला गेलो होतो. आत्याच्या टॅपची मधली किंमत ७१ आली, माझी ९८, फोन तोच. आकडा प्रत्येकाच्या नावाने वेगळा जपून ठेवला. आत्याने पूर्ण गाणं वाजवलं, फोन खाली ठेवला नाही. दुसऱ्या कडव्यात तर ती पानांकडे बघतही नव्हती, नुसत्या कानावर वाजवत होती.

ब्लूटूथचं मात्र राहिलंच. एका इअरफोनला २१० आला. तोच काढून पुन्हा जोडला तर २४० च्या पुढे. आणि बोट टेकल्यावर मी जो ढोलकीचा आवाज वाजवतो, तो तर हमखास उशिरा येतो. त्याला काही वजा करून काय उपयोग?

लळिंगची_पोर

काहीच नाही. गाणं आधीपासून ठरलेलं असतं, म्हणून पानं त्याच्याशी जुळवता येतात. बोट कधी टेकणार हे आधी कळत नाही, त्यामुळे तो आवाज लवकर पाठवता येत नाही. ब्लूटूथवर टॅपचा आवाज बंद ठेव आणि गाण्यातलीच ढोलकी ऐकू दे, तिथे फोनची थरथर चालेल. पुन्हा जोडल्यावर आकडा बदलतो यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही. मी जोडणी बदलल्यावर चार थापांची छोटी तपासणी पुन्हा घेते.

चाळीसगाव_एक्सप्रेस

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले ६० वर होता. शून्य केला, ओठ बरेच जुळले. पूर्ण नाही. नवा धागा काढतो.

तापीकाठचा

ताई, तपासणीच्या त्या चार थापा गाणं सुरू व्हायच्या आधी ढोलकीच्या उठावणीतच बसवल्या तर? बाया गाणं उचलण्याआधी ढोलकी तशीही थोडी एकटी वाजते. आज रात्री करून बघतो, इथेच आकडे टाकतो.