पाडायची की वापरायची: कार्बनचा हिशोब

"नवी इमारत वीज कमी खाते, मग जुनी पाडणंच पर्यावरणाला बरं नाही का?"

चार मजली, १,००० चौरस मीटरची आरसीसी इमारत धरू. सगळे आकडे ढोबळ आहेत. नव्यानं बांधायला ४०० घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३०० किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे १२० टन. सळई ४५ टन, तिचे आणखी १००. विटा, टाइल्स, खिडक्यांचे ८० धरा. झाले ३०० टन.

तीच इमारत ठेवून कॉलमना जॅकेटिंग म्हणजे भोवती नव्या सळया-काँक्रीटचा थर, नवं प्लास्टर, प्लंबिंग, खिडक्या केल्या, तर ७५ टनांत भागावं. सांगाडा वाचला की मोठा खर्चच वाचतो.

आता २२५ टनांचा फरक विजेतून भरून काढायचा. वर्षाला २०,००० युनिट वाचली तरी युनिटमागे ०.७ किलोनं १४ टनच होतात, म्हणजे सोळा वर्षं. ग्रिडमध्ये सौर वीज वाढेल तशी ही मुदत लांबत जाते. शिवाय चांगले पंखे नि एसी जुन्या घरातही बसतातच की!

मात्र आधी सळयांचा गंज तपासून घ्या. सळईचा विद्युत दाब मोजून गंजाची शक्यता सांगणाऱ्या हाफ-सेल चाचणीत बहुतेक कॉलम उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले आणि काँक्रीटमधून कापून काढलेल्या नमुन्याची, म्हणजे कोअरची, ताकदही कमी भरली, तर जॅकेटिंगवर खर्चलेले टन वाया जाण्याची भीती असते. तिथे मी पाडण्याच्याच बाजूनं आहे.