मदत हवी आहे: टेलरमास्तरांचे आभार नेमक्या शब्दांत कसे मानू?

अवनी_ना: मुलीच्या पैठणीवरचा आरी वर्कचा ब्लाउज एका बुटिकमधून हळदीच्या तोंडावर शिवून आला, तोही छातीत आणि मुंढ्यात घट्ट. हात वर होईना. बाजूला मार्जिन जेमतेम. आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी लग्नसराईची कामं बाजूला सारून तो उसवला, उरलेल्या कापडाची काखेत कळी घातली आणि वेळेत दिला. अर्जंटचे जादा पैसेही घेतले नाहीत. त्यांना व्हॉट्सॲपवर दोन-तीन ओळी पाठवायच्यात आणि गूगलवर रिव्ह्यू टाकायचाय. पण लिहिलं की ‘देवासारखे धावून आलात’च होतंय!

मिलिंद७२: टेलरला घाई करायला लावायची सोपी युक्ती: तारीख दोन दिवस अलीकडची सांगायची. माझ्या शेरवानीला तेच केलं.

अवनी_ना: अहो, लग्न झालं. आभार मानायचेत.

सुईदोरा: मी स्वतः ब्लाउज शिवते. देव काढा, काम लिहा. आरीची साखळी मधेच कापली गेली तर धागा सरसर सुटतो आणि मणी गळतात. ब्लाउज उलटा करून मुंढ्याच्या शिलाईपाशी बघा. बारीक गाठी दिसल्या, तर त्यांनी उसवण्याआधी एकेक टोक बांधून घेतलंय. वेळ तिथेच जातो, आणि गिऱ्हाईक आतून कधीच बघत नाही.

अवनी_ना: बघितलं! गाठी आहेत. कळीला आतून सुती अस्तरही लावलंय.

सुईदोरा: ते आधी भिजवून वाळवलं होतं का, विचारा. नाहीतर पुढे आटून कळी ओढली जाते.

कोल्हापुरी_मिरची: एवढं कशाला? पाकिटात ५०० घाला, मोकळ्या व्हा.

सुईदोरा: पैसे द्याच, पण कुणाला ते बघा. बऱ्याच दुकानांत कारागीर नगावर शिवतात. पाकीट गल्ल्यात गेलं तर रात्री जागणाऱ्याला काहीच मिळत नाही.

कोल्हापुरी_मिरची: मालकाला डावलून कारागिराला दिलं तर मालक दुखावतो. आमच्याकडे झालंय.

अवनी_ना: हा मसुदा बघा:

“मास्तर, हार घालताना मीराचा हात सहज वर गेला, काखेत कुठे ओढलं नाही. कळी कुणाच्या लक्षातही आली नाही. आज ब्लाउज उलटा करून आरीच्या गाठी बघितल्या. इतक्या घाईतही एक मणी सुटला नाही. तुमचे आणि हातशिलाई करणाऱ्या ताईंचे मनापासून आभार.”

सुईदोरा: झकास. हार घालतानाचा फोटो जोडा. रिव्ह्यूत मात्र ‘एका रात्रीत करून दिलं’ लिहू नका, उद्यापासून सगळे तेच मागतील. ‘आरीचा घट्ट ब्लाउज काम न बिघडवता सैल केला’ एवढं लिहा. फोटो तिथे टाकायचा तर मुलीला विचारून.

अवनी_ना: मेसेज पाठवला. पाकिटाचं अजून ठरत नाहीये.

मिलिंद७२: मास्तरांचा नंबर मिळेल का? भाचीचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे.