मदत हवी आहे: 5 लोड, 5 गाड्या, मॅक्स फ्लो 4. कोड चुकला की जुळणीच अशक्य?

धागाकर्ता_पिंपळगाव: काकांच्या ट्रान्सपोर्टसाठी पायथॉनमध्ये लिहितोय. सोर्सपासून प्रत्येक लोडला 1, प्रत्येक गाडीपासून सिंकला 1, मध्ये जी गाडी चालेल तिला एज. लोड: द्राक्षांचे दोन, फ्रोजन मटार, कांदा, सळई. गाड्या: जुना रीफर, नवा रीफर, ट्रेलर, दोन उघड्या गाड्या. द्राक्षांना दोन्ही रीफर चालतात. मटाराला -18 लागतं, तेवढं फक्त नवाच ओढतो. कांदा उघड्या गाडीत, सळई ट्रेलरवर किंवा उघड्यात. उत्तर 4 येतं. काकांना काय सांगू?

गणपुले_मास्तर: प्रत्येक लोडला निदान एक गाडी आहे, संख्याही सारखी. म्हणजे 5 यायलाच हवेत. रिव्हर्स एज विसरलात का? त्या नसल्या की एकदा दिलेली गाडी परत सोडवून घेता येत नाही.

शेवटचा_नोड: मास्तर, रिव्हर्स एजची शंका रास्त आहे, पण बाकीचं पटत नाही. एकेका लोडकडे बघून भागत नाही, गट बघावा लागतो. दोन द्राक्षं आणि मटार मिळून तीन लोड, आणि तिघांना मिळून गाड्या दोनच. बाकी काहीही केलं तरी एक लोड उभाच राहणार. 4 बरोबर आहे.

पाच-सहा लोडांत हे डोळ्यांना दिसतं, पन्नासात नाही. तेव्हा कट काढा:

```python
v, (S, T) = nx.minimum_cut(G, 's', 't')
```

मधल्या एजना `capacity` देऊच नका, networkx त्या अमर्याद धरतं. मग कट त्यांच्यातून जात नाही. `S` मध्ये जे लोड येतील तोच अडलेला गट, आणि त्यांना चालणाऱ्या सगळ्या गाड्याही `S` मध्येच सापडतील. इथे तीन लोड, दोन रीफर निघायला हवेत. काकांना हीच यादी दाखवा.

धागाकर्ता_पिंपळगाव: चालवून पाहिलं, नेमकं तेच आलं! काका तर आणखी एक ट्रेलर भाड्याने घ्यायच्या बेतात होते.

शेवटचा_नोड: ट्रेलर घेतला तरी 4च राहील, रीफरच हवा. आणि तो जुन्यासारखा असला तरी चालेल: नवा मटाराला, द्राक्षं उरलेल्या दोघांत.

घाटरस्ता: यात सगळ्यात स्वस्त भाडं कसं निघेल? आमच्याकडे तर परतीचा मालही बघावा लागतो.

शेवटचा_नोड: तो प्रश्न वेगळा आहे. इथे जुळतं की नाही एवढंच विचारलंय. भाडं आलं की मिन कॉस्ट फ्लो. परतीच्या मालासाठी नवा धागा काढा.

कोल्हापूर_कार्गो: माझ्या एका गाडीत दोन पार्टी लोड जातात. सिंककडच्या एजला 2 दिले तर?

शेवटचा_नोड: कोणतेही दोन बसत असतील तर बिनधास्त द्या. टनात मोजायला गेलात तर गडबड. 9 टनांचा एकच नग असला तरी फ्लो त्यातले 5 टन एका गाडीत आणि 4 दुसरीत टाकून मोकळा होतो.

कोल्हापूर_कार्गो: माझं टनातच आहे हो. मग काय करायचं?