प्रतिसाद: कोसंबीची कथा घ्या

> विहारात दोन तट पडलेत. वर्षावासात समेटावर प्रवचन द्यायचंय, कुठली कथा घेऊ?

कोसंबी नगरातल्या भिक्खूंच्या भांडणाची. शौचकुपातल्या भांड्यात एका भिक्खूनं पाणी शिल्लक ठेवलं, एवढंच निमित्त! त्यावरून त्याच्यावर बहिष्कार घातला गेला आणि संघात दोन गट पडले. बुद्धांनी दोन्ही गटांना वेगवेगळं गाठलं. बहिष्कार घालणाऱ्यांना सांगितलं, घाईनं घालू नका. त्या भिक्खूच्या बाजूच्यांना म्हणाले, संघ फुटत असेल तर चूक कबूल करा. मग आई-वडिलांना मारणाऱ्या राजाला क्षमा करणाऱ्या दीघावुकुमाराची कथाही सांगितली, पण कुणी ऐकेना.

लोक हा भाग गाळतात, तुम्ही गाळू नका. बुद्ध निघून गेले, उपासकांनी भिक्षा बंद केली, तेव्हा ही भांडणारी मंडळी बुद्धांकडे सावत्थीला गेली. तिथं त्या भिक्खूनं स्वतःच दोष मान्य केला, बहिष्कार उठला आणि सगळे एकत्र उपोसथाला बसले.

प्रवचनाआधी दोन्ही तटांना घरी जाऊन भेटा, व्यासपीठावरून टोमणे नकोत.